मी विणलेली इरकल

आमच्या घरात संगणकाचं काहीही अडलं की ते माझ्याकडे येतं, आणि माझ्याकडून जातं तेव्हा आधीपेक्षा जास्त अडलेलं असतं. तरी लोक येतात, कारण मी फुकट आहे. वहिनी सोलापुरात घरूनच इरकल साड्या विकतात. त्यांनी एका रविवारी सांगितलं, "भाऊजी, फोटो फार जड आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनवर उघडेपर्यंत त्याचं मन बदलतं. जरा लहान करून द्या."

दादाच्या कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो 6000 बाय 4000 पिक्सेलचा होता. फोनवर दाखवायला 750 बाय 500 पुष्कळ. म्हणजे दोन्ही दिशांना बरोबर आठपट लहान. ह्यात अवघड काय आहे, असं मी म्हणालो. आजवर माझी जी जी फजिती झाली आहे, तिची सुरुवात ह्याच वाक्याने झाली आहे.

लहान करायच्या पद्धती बऱ्याच असतात आणि प्रोग्रॅम लिहिताना त्यातली एक निवडावी लागते. 'एरिया', 'बायक्युबिक' आणि 'लॅन्झोस' ही तीन नावं समोर आली. एरिया म्हणजे नुसतं क्षेत्रफळ. त्यात कसली आली ऐट? बायक्युबिक जरा बरं वाटलं, पण ते सगळेच वापरतात. लॅन्झोस मात्र ऐकताच भारी वाटलं. चौकशी केली तर कॉर्नेलियस लॅन्झोस हा हंगेरीत 1893 साली जन्मलेला गणिती निघाला, आणि तो 1928-29 मध्ये बर्लिनमध्ये खुद्द आइन्स्टाइनचा साहाय्यक होता. माझी निवड तिथेच झाली. रात्री जेवताना मी सगळ्यांना ऐकवलं, "वहिनी, तुमच्या साड्यांना आता आइन्स्टाइनच्या साहाय्यकाचा हात लागणार." दादाने आमटी वाढून घेतली. वहिनींनी विचारलं, "त्याचे वेगळे पैसे पडतात का?"

(त्या बिचाऱ्याने फोटो लहान करायचा कधी विचारही केला नसावा. त्याचं गणित घेऊन गाळणी बनवली ती क्लॉड ड्युशॉन ह्यांनी, 1979 साली, आणि तीही हवामानशास्त्राच्या नियतकालिकात. हे मला नंतर कळलं. तोवर आइन्स्टाइन जेवणात येऊन गेला होता.)

ओपनसीव्ही नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात `INTER_LANCZOS4` असा पर्याय आहे. नावापुढे 4 सुद्धा आहे, म्हणजे तीनपेक्षा चांगला असणार, असा मी हिशोब केला. सगळा फोल्डर एका आज्ञेत लहान झाला. फोटो कडक दिसत होते. दोन-चार पाहिले, बाकीचे न पाहता पाठवून दिले आणि झोपलो.

काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. आवाजात आनंद होता. "भाऊजी, ती बारीक रेघांची काळी साडी कुणी बघत नव्हतं. आता तिलाच मागणी आहे! सगळ्या म्हणतात, ती लहरीवाली दाखवा." मला लहरीवाली साडी आठवेना. मी फोटो उघडला. काळ्या साडीवर वरपासून खालपर्यंत रुंद, वळणावळणाच्या पट्ट्या होत्या. घडी जिथे वळत होती तिथे पट्ट्याही वळत होत्या. खरंच देखणं काम होतं. मूळ मोठा फोटो उघडला. त्यात अंगभर बारीक, सरळ, एकसारख्या रेघा. पट्टी एकही नाही.

मी विचार करत होतो तेवढ्यात पहिली साडी परत आली. मग दुसरी. गिऱ्हाइकाचं म्हणणं रास्त होतं: फोटोतली पाठवा. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, "भाऊजी, फोटोतली ही साडी विणली कुणी?"

मीच विणली होती. धागा न वापरता.

आता ती कशी विणली गेली ते सांगतो, कारण पुढचे कितीतरी दिवस मी दुसरं काही केलं नाही. मोठ्या फोटोत एका रेघेपासून पुढच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजलं, तर जिथे कापड सपाट होतं तिथे ते सुमारे 9 पिक्सेल भरलं. मी फोटो आठपट लहान केला, म्हणजे लहान फोटोतला प्रत्येक पिक्सेल मोठ्या फोटोत 8 पिक्सेल पुढे सरकून आपला रंग घेणार. समजा पहिल्याने रेघेच्या मधोमध पाहिलं. पुढचा 8 पुढे गेला. पण रेघ 9 वर आहे, म्हणून तो रेघेच्या एक पिक्सेल अलीकडे पडला. तिसरा दोन अलीकडे. असं सरकत सरकत नवव्या पावलानंतर तो पुन्हा रेघेच्या मधोमध येतो. तोवर खऱ्या 8 रेघा ओलांडून झालेल्या असतात, आणि लहान फोटोत त्यांच्या जागी 9 पिक्सेल रुंदीची एकच ऐसपैस लहर उमटते. रेघांमधलं अंतर जितकं 8 च्या जवळ, तितकी लहर रुंद. घडीपाशी कापड तिरकं होतं, अंतर बदलतं, म्हणून लहर वळते. छापखानेवाले आणि छायाचित्रकार ह्याला मॉयरे म्हणतात. आमच्या गिऱ्हाईक मंडळींनी त्याला लहरीवाली म्हटलं, आणि दर दिला.

पण लॅन्झोस तर ह्याच गोष्टीसाठी आहे ना? बारीक रेघा नीट गाळून टाकायच्या आणि कडा धारदार ठेवायच्या, हेच त्याचं काम. मग माझ्याच बाबतीत तो झोपला कसा?

ह्या प्रश्नाचं उत्तर सापडायला वेळ लागला, कारण मी ते लॅन्झोसच्या सूत्रात शोधत होतो. ते तिथे नव्हतंच. ह्या सगळ्या पद्धतींत नव्या पिक्सेलचा रंग जुन्या पिक्सेलांची वजनं लावून बेरीज करून काढतात. मधल्यांना जास्त वजन, दूरच्यांना कमी, आणि लॅन्झोस-बायक्युबिकमध्ये काहींना चक्क उणे. लॅन्झोस-3 दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेल पाहतो, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तीन पिक्सेल, पण कुठले? फोटो मोठा करताना जुने. लहान करताना मात्र ते नवे, मोठाले पिक्सेल धरून मोजायला हवेत. आठपट लहान करताना एक नवा पिक्सेल म्हणजे 8 जुने, म्हणून दोन्ही बाजूंना 24-24, एका ओळीत एकूण 48 जुने पिक्सेल पाहायला हवेत. लहान करण्याचं प्रमाण वाढलं की नजर तितकीच फाकायला हवी.

ओपनसीव्हीची नजर फाकत नाही. तिथला `INTER_LANCZOS4` ओळीतले 8 जुने पिक्सेल पाहतो, फोटो दुप्पट लहान करा की पन्नासपट. त्यातही वजन जवळजवळ सगळं मधल्या दोघांना. त्यांच्या बाजूच्या दोघांना उणे. बाकीचे चार नावाला. `INTER_CUBIC` तर चारच पाहतो. आठ बाय आठच्या चौकोनात 64 पिक्सेल असतात. बायक्युबिक त्यातले 16 विचारात घेतो आणि खरं म्हणजे मधल्या 4 जणांच्या सांगण्यावर निकाल देतो. शितावरून भाताची परीक्षा करायची, आणि तेही नेमकं आठव्या आठव्या शितावरून. भात सगळा एकसारखा असेल तर चालून जातं, म्हणून तर माझे पाहिलेले दोन-चार फोटो चांगले दिसले: त्या साड्या बिनरेघांच्या होत्या.

ह्यात ओपनसीव्हीवाल्यांनी फसवलं असंही म्हणता येत नाही. त्यांच्या मदतीच्या पानावर स्वच्छ लिहिलं आहे की लहान करायला `INTER_AREA` वापरा. मी ते वाचलं नव्हतं. मी आइन्स्टाइनचं वाचत होतो.

तर मग मी ज्याला क्षेत्रफळ म्हणून हिणवलं होतं त्या एरियाकडे मान खाली घालून गेलो. त्याचं काम सरळ आहे. आठ बाय आठच्या चौकोनातले सगळे 64 पिक्सेल घ्या, सरासरी काढा, लिहा. कुणाला जास्त मान नाही, कुणाला उणे नाही. लहरी जवळजवळ गेल्या. मी वहिनींना लगेच कळवलं की प्रश्न सुटला. त्यांनी फोटो दिव्याखाली धरून पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, लहर आहे अजून. फिकी आहे, पण आहे."

मी म्हणालो, शक्य नाही. त्याच पानावर लिहिलं होतं की एरियाने मॉयरे येत नाही. छापलेल्यावर माझा विश्वास असतो, वहिनींचा डोळ्यांवर. शेवटी वाद मिटवायला साडीच बाजूला ठेवली आणि खोट्या रेघा आखल्या: 720 पिक्सेलांचा चौकोन, दर 9 पिक्सेलांत 4 पांढरे आणि 5 काळे.

```python
import cv2, numpy as np
from PIL import Image

a = np.zeros((720, 720), np.uint8)
a[:, np.arange(720) % 9 < 4] = 255

for f in (cv2.INTER_LANCZOS4, cv2.INTER_CUBIC, cv2.INTER_AREA):
    b = cv2.resize(a, (90, 90), interpolation=f)
    print(b.min(), b.max())

c = np.asarray(Image.fromarray(a).resize((90, 90), Image.LANCZOS))
print(c[:, 10:80].min(), c[:, 10:80].max())
```

ह्यात खरं उत्तर काय यायला हवं ते आधीच माहीत आहे, हाच ह्या चाचणीचा फायदा. नव्या फोटोत रेघेपासून रेघेचं अंतर सव्वा पिक्सेलपेक्षाही कमी येतं; एका काळ्या-पांढऱ्या जोडीला किमान 2 पिक्सेल लागतात, म्हणून ह्या रेघा तिथे दिसूच शकत नाहीत. प्रामाणिक उत्तर एकच: सपाट राखाडी, 255 चे चार-नवमांश, म्हणजे सुमारे 113.

ओपनसीव्हीच्या लॅन्झोस आणि बायक्युबिक ह्या दोघांनी 0 ते 255 असं उत्तर दिलं. गडद काळ्यापासून लख्ख पांढऱ्यापर्यंत 10 रुंद पट्टे, पूर्ण ताकदीने. मूळ रेघा 80 होत्या. एरियाचं उत्तर आलं 96 ते 128. फरक 32 चा, म्हणजे पूर्ण ताकदीच्या एक-अष्टमांश. वहिनींनी दिव्याखाली पाहिली ती लहर हीच.

ती का उरते, हे बोटांवर मोजता येतं, आणि मी ते अक्षरशः बोटांवर मोजलं. रेघ 9 ची, चौकोन 8 चा. चौकोनात प्रत्येक वेळी नवांपैकी एक पिक्सेल बाहेर राहतो. बाहेर राहिलेला काळा असेल तर आत 4 पांढरे: आठांत चार, 128. पांढरा असेल तर आत 3 पांढरे: 96. हा बाहेर राहणारा पिक्सेल पावलागणिक सरकतो, म्हणून लहर. चौकोनाच्या कडा खटकन संपतात. शेजारच्या चौकोनात काय आहे ह्याची एरिया चौकशीच करत नाही, आणि ही उरलेली लहर त्या तुसडेपणाची आहे. रेघ बरोबर 8 ची असती तर एरिया निर्दोष ठरला असता. पण विणकर माझ्या चौकोनाकडे पाहून विणत नाही.

शेवटची ओळ पिलोची. पायथॉनमधल्या ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा लॅन्झोस 113 च्या आसपास राहिला. (कडेचे दहा-दहा पिक्सेल सोडून पाहिले, कारण काठावर पाहायला पलीकडे पिक्सेल नसतात आणि आकडा थोडा हलतो.) तेच नाव, तेच गणित, तोच हंगेरियन गृहस्थ, फरक एवढाच की पिलो नजर फाकवतो, 48 पिक्सेलांपर्यंत. त्याचा बायक्युबिकही फाकवतो, 32 पर्यंत, आणि लहर तिथेही नावापुरतीच उरते. पिलोसुद्धा पूर्वी बायक्युबिकच्या बाबतीत असा नव्हता; 2015 साली आलेल्या 2.7 पासून सुधारला. म्हणजे मी इतके दिवस लॅन्झोस की बायक्युबिक की एरिया ह्यावर घरात व्याख्यानं देत होतो, आणि खरा प्रश्न होता तो कुणाचा लॅन्झोस.

सगळे फोटो पिलोच्या लॅन्झोसने पुन्हा केले. लहरी गेल्या. वहिनींनी पाहिलं. "छान. पण काठाला ही पांढरी दोरी कुठून आली?"

काळी साडी फिकट राखाडी भिंतीपुढे टांगलेली होती. साडीच्या कडेला लागून, भिंतीच्या बाजूने, एक पिक्सेल रुंदीची उजळ रेघ दिसत होती. ही मात्र लॅन्झोसची खरीखुरी सवय आहे, कुणाही घरचा असो. त्या उणे वजनांमुळे कड धारदार दिसते. पण गडद रंग शेजारी आला की उणे गुणिले कमी झाल्याने बेरीज फुगते आणि उजेडाची बाजू आणखी उजळते. लॅन्झोस-3 मध्ये ही फुगवण दोन रंगांतल्या फरकाच्या सुमारे 6-7 टक्के होते. भिंत 180, साडी 20, फरक 160. म्हणजे काठाशी भिंत 190 होते आणि साडी 10. पिलोच्या बायक्युबिकमध्ये हीच फुगवण सुमारे 4 टक्के, साधारण सहा-सात अंकांची. एरियात शून्य, कारण त्याच्याकडे उणे काही नाही. भिंत शुभ्र असती, 255, तर वर जायला जागाच नाही आणि दोरी दिसली नसती. दादाला भिंत पांढरी कर म्हणालो. त्याने रंगाचा खर्च कोण देणार विचारलं, आणि मी बायक्युबिककडे वळलो.

साड्यांना तो पावला. लहर नाही, दोरी जवळजवळ नाही, आणि एरियापेक्षा जर अंमळ उठून दिसते. पण हा माझा कौल टांगलेल्या साडीच्या फोटोपुरता आहे. मऊ उजेडातला माणसाचा चेहरा, झाडं, डोंगर असे फोटो मी आजही लॅन्झोसनेच करतो. तिथे एकदम काळ्याला लागून एकदम फिकट असं फार नसतं आणि ती धार बरी वाटते. बिलाचा फोटो किंवा एका रंगाची सपाट आकृती असेल आणि दुप्पट-चौपट असं नेमकं लहान करायचं असेल, तर एरिया. अक्षराभोवती लॅन्झोसची दोरी आली की छापील अक्षर धुतल्यासारखं दिसतं. आणि घाईत, न पाहता, शेकडो फोटो करायचे असतील तरी एरियाच, ओपनसीव्हीतला. त्याची चूक कधी एक-अष्टमांशापलीकडे गेली तर निदान मला दिसली नाही, आणि ज्याच्या चुका फिक्या असतात त्याच्याशी माझं जमतं.

एवढं सगळं बरोबर झाल्यावर रेघांच्या काळ्या साडीची मागणी थांबली. कारण आता फोटोत ती सपाट, गडद करडी दिसत होती. ह्यात गाळणीचा दोष नव्हता. 750 पिक्सेलांत त्या रेघा मावतच नाहीत, आणि जी पद्धत त्या दाखवेल ती खोट्याच दाखवेल. वहिनींना हे पटवायला मी पिक्सेलच्या जोड्या, नजर, चौकोन असं बरंच काढलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मोठ्या फोटोतला पदराजवळचा 750 बाय 500 चा तुकडा, लहान न करता, जसाच्या तसा कापून मागितला. त्यात रेघेपासून रेघ पूर्ण 9 पिक्सेल. विणीतला धागा दिसत होता. आता प्रत्येक साडीचे दोन फोटो जातात: एक अख्खी साडी बायक्युबिकने लहान केलेली, एक हा कापलेला तुकडा. तुकड्याला गाळणी लागत नाही, म्हणून तोच सगळ्यांना आवडतो.

माझा प्रोग्रॅम वहिनींनी स्वतःच्या संगणकावर घेतला. तो फोल्डरमधलं सगळं लहान करतो आणि गिऱ्हाइकांच्या गटाला पाठवायला तयार ठेवतो. त्याच फोल्डरमध्ये माझ्या चाचणीचा चौकोन राहून गेला होता, ओपनसीव्हीच्या लॅन्झोसने केलेला, 10 रुंद काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तोही गेला. सकाळी उत्तर आलेलं होतं:

"ही फार आवडली. कितीला? ब्लाउजपीस सोबत येतो का?"